लाल टिकल्या आणि चार सेकंदांची पट्टी

नवा आयफोन घेतला त्या संध्याकाळी मी दीड तास एकच काम केलं, समोर येईल तिथे "Allow" दाबलं. मधली काही वर्षं अँड्रॉइडवर होतो, त्यामुळे प्रत्येक ॲप नव्याने टाकावं लागलं आणि पहिल्यांदा उघडताना प्रत्येकाने तीच परवानगी मागितली. त्या चौकटीतलं बारीक अक्षरांतलं वाक्य तेव्हा मी वाचलंच नाही: "Notifications may include alerts, sounds, and icon badges." या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तिघींना मी एका टिचकीत होकार देतोय, हे लक्षात यायला मला दोन आठवडे आणि दोन चुकलेल्या मीटिंग लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोनला गोवर आल्यासारखं झालं होतं. प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात लाल टिकली आणि तिच्यात आकडा. काही ॲप मी एका फोल्डरमध्ये टाकली होती, तर फोल्डर आतल्या सगळ्यांची बेरीज कपाळावर घेऊन बसलेला. वरून दर दोन मिनिटांनी एखादी पट्टी खाली यायची आणि वाचेपर्यंत निघून जायची. दुपारी वैतागून सेटिंग्जमध्ये गेलो आणि दिसेल ते बटण बंद करत सुटलो. आधी सगळ्यांना होकार दिला होता, आता सगळ्यांना नकार. दोन्ही वेळा न वाचता.

इथे माझ्या जुन्या आठवणीनेही घोळ घातला. पूर्वीचा माझा आयफोन होता त्यात प्रत्येक ॲपपुढे तीन पर्याय असायचे: None, Banners आणि Alerts. बॅनर म्हणजे आपोआप जाणारी पट्टी आणि अलर्ट म्हणजे आपण काही केल्याशिवाय न हलणारी सूचना, असं ते सरळ होतं. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा हे नामकरण बदललं. आता ॲपच्या पानावर Alerts हे नुसतं शीर्षक आहे. त्याखाली तीन छोटी चित्रं दिसतात: लॉक स्क्रीन, नोटिफिकेशन सेंटर आणि बॅनर. प्रत्येकाखाली बरोबरची खूण, हवी ती ठेवा, नको ती काढा. जुना "न हलणारा अलर्ट" आता "Banner Style" या ओळीत Persistent नावाने राहतो आणि आपोआप जाणारा Temporary नावाने. मी जुन्या सवयीने Alerts शोधलं, खाली तीन खुणा दिसल्या, आणि "एकच ठेवायची असणार" असं समजून बहुतेक ॲपांवर फक्त लॉक स्क्रीनची खूण ठेवली. कॅलेंडरला तेवढी बॅनरचीही ठेवली.

पहिली मीटिंग गेली ती बॅनरमुळे. कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं आधीची आठवण लावलेली होती. मी त्या वेळी फोनवरच एक लांबलचक मेसेज लिहीत होतो. पट्टी वरून आली, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली, "हे वाक्य संपवतो आणि बघतो" म्हटलं. वाक्य संपेपर्यंत पट्टी गेलेली. Temporary बॅनर चार-पाच सेकंद थांबतो. एवढ्यात माणूस फार तर ॲपचं नाव वाचतो. वीस मिनिटांनी समोरच्यांचा फोन आला.

मग मी कॅलेंडरला Persistent केलं आणि निर्धास्त झालो. पुढच्याच आठवड्यात दुसरी मीटिंग चुकली, आणि या वेळी पट्टी दिसलीच नव्हती. शपथेवर सांगितलं असतं की फोनने आठवण दिलीच नाही.

माझी भाची ॲप बनवणाऱ्यांत काम करते. तिला फोन करून सांगितलं, "अगं, तुझ्या त्या फोनमध्ये दोष आहे."

"मामा, आठवण आली तेव्हा फोन कुठे होता?"

"टेबलावर. बंद. म्हणजे लॉक."

"मग बॅनर कसा दिसेल? बॅनर चालू फोनवर येतो. लॉक असताना फक्त लॉक स्क्रीन असते."

हे ऐकून मी गप्प झालो. Temporary की Persistent हा सगळा प्रश्न फोन उघडा असतानाचा आहे. फोन टेबलावर झोपला असेल तर त्या निवडीला काही अर्थच नाही. सूचना लॉक स्क्रीनवर येते आणि तिथे थांबते. मग माझी का थांबली नाही? ते तिलाही लगेच सांगता आलं नाही. शनिवारी ती आली तेव्हा आम्ही बसून करूनच पाहिलं.

करून पाहण्याची पद्धत तिची, आणि ती इतकी सोपी आहे की मी आता प्रत्येक नव्या ॲपचा विचार तशाच पद्धतीने करतो. फोनमधल्या रिमाइंडर्स ॲपमध्ये एका मिनिटानंतरची आठवण लावायची, मजकुरात "चाचणी १" लिहायचं आणि ठरवलेल्या परिस्थितीत फोन ठेवून वाट बघायची. आम्ही रिमाइंडर्सवर कॅलेंडरच्याच खुणा लावल्या: लॉक स्क्रीन चालू, बॅनर चालू आणि Persistent, नोटिफिकेशन सेंटर बंद.

पहिल्या चाचणीत फोन माझ्या हातात, ब्राउझर उघडा. मिनिट झालं, पट्टी आली आणि बसून राहिली. मी पान वर-खाली केलं, तरी हलेना. बोटाने वर ढकलली तेव्हा गेली. हे अपेक्षेप्रमाणे.

दुसऱ्या चाचणीत फोन लॉक करून टेबलावर. स्क्रीन उजळली, आवाज झाला, "चाचणी २" लॉक स्क्रीनवर दिसलं. स्क्रीन पुन्हा काळी झाली. मी फोन उचलला तर सूचना जागच्या जागी. हेही ठीक.

तिसऱ्या चाचणीच्या वेळी भाची म्हणाली, "आता तू नेहमी उचलतोस तसा उचल." म्हणजे कसा, हे मला माहीतच नव्हतं. "चाचणी ३" आली, फोन काळा झाला, मग तिने मला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मामा, जरा आईला फोन लाव ना." मी फोन उचलला, चेहऱ्याने कुलूप उघडलं, अंगठा खालून वर गेला आणि मी थेट फोनच्या ॲपमध्ये. लॉक स्क्रीन माझ्या डोळ्यांपुढे अर्धा सेकंदही नव्हती. नंतर फोन लॉक करून पुन्हा उजळला तर लॉक स्क्रीन स्वच्छ. "चाचणी ३" गायब.

दोष सापडला होता. लॉक स्क्रीनवरची सूचना कुलूप उघडून आत जाईपर्यंतच तिथे असते. एकदा आत गेलात की ती तिथून उठते आणि नोटिफिकेशन सेंटरमध्ये जाऊन बसते. उघड्या फोनवर वरच्या कडेपासून खाली ओढलं की ते दिसतं. लॉक स्क्रीनवर मधोमध बोट ठेवून वर सरकवलं तरी जुन्या सूचना तिथेच सापडतात. पण मी त्या ॲपसाठी नोटिफिकेशन सेंटरची खूण काढून टाकलेली. म्हणजे लॉक स्क्रीनवरून उठलेल्या सूचनेला जायला जागाच नव्हती. मी ती न बघता आत शिरलो आणि ती संपली. मीटिंगच्या दिवशीही नेमकं हेच झालं असणार, कारण आठवण आली त्याच सुमारास मी कुणालातरी फोन लावला होता. कॉलच्या नोंदीत वेळ सापडली: आठवणीनंतर चार मिनिटांनी.

सूचना आली की नाही असा संशय आला तर पहिली तपासणी हीच करावी. वरून खाली ओढून बघा. तिथे असेल तर सूचना आली होती, तुम्ही पाहिली नाही. तिथेही नसेल तर आधी त्या ॲपची नोटिफिकेशन सेंटरची खूण बघा, मग ॲपला नावं ठेवा. माझं आता ठाम मत आहे की ज्या ॲपला बोलायची परवानगी आहे, त्याची नोटिफिकेशन सेंटरची खूण कधीच काढू नये. ती जागा गप्प असते, मध्ये येत नाही, त्रास देत नाही. उलट गोंगाट करणाऱ्या ॲपांची बाकी दोन्ही काढून फक्त तीच ठेवावी.

त्याच दुपारी लाल टिकलीचाही छडा लागला. एका ॲपवर आठवडाभर १ दिसत होता. आत जाऊन प्रत्येक कप्पा उघडून पाहिला होता, नवीन काही नाही. मी समजत होतो की फोन न वाचलेल्या गोष्टी मोजतो आणि कुठेतरी काहीतरी वाचायचं राहिलंय. भाचीने वहीत लिहून दाखवलं, ॲपच्या सर्व्हरकडून फोनला जो निरोप येतो तो साधारण असा असतो:

```
{"aps": {
  "alert": "नवा मेसेज",
  "sound": "default",
  "badge": 3
}}
```

परवानगीच्या चौकटीतले तीन शब्द इथे तीन ओळी होऊन बसले होते. alert म्हणजे दिसणारा मजकूर. तो लॉक स्क्रीनवर दाखवायचा की पट्टीत, हे आपल्या खुणांवर ठरतं. sound म्हणजे आवाज. आणि badge म्हणजे टिकलीतला आकडा, तयार आकडा. फोन काहीच मोजत नाही. ३ आला की ३ दाखवतो, ० आला की टिकली काढतो, निरोपात ती ओळच नसेल तर आधीचा आकडा तसाच ठेवतो. तुम्ही वाचल्यावर आकडा कमी करणं ही ॲप बनवणाऱ्याची जबाबदारी. त्याने आळस केला किंवा त्याच्या हिशोबात एखादी जाहिरातही "न वाचलेली" धरली, तर तुम्ही कितीही शोधा, त्या १ मागे तुम्हाला काही सापडणार नाही.

"म्हणजे हा १ खोटा आहे?"

"खोटा नाही मामा, शिळा आहे."

हे कळल्यावर टिकल्यांबद्दलचा माझा निकष बदलला. पूर्वी मी विचारायचो की हे ॲप महत्त्वाचं आहे का. आता विचारतो की या आकड्यावर माझा विश्वास आहे का, आणि तो शून्यावर आणणं माझ्या हातात आहे का. मेसेजच्या ॲपमध्ये दोन्ही उत्तरं होकारार्थी, म्हणून टिकली ठेवली. तिथे ४ म्हणजे खरोखर चार उत्तरं द्यायची राहिलीत. मेलमध्ये वर्षानुवर्षांची न उघडलेली पत्रं, आकडा चार अंकी. त्यात एकाची भर पडली तर दिसणारही नाही, म्हणून काढली. कॅलेंडरचीही काढली, कारण कार्यक्रमाची आठवण वेळेवर हवी, टिकली बघून नंतर काय करणार?

आता बॅनर. मीटिंग चुकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया "सगळंच Persistent करू" अशी होती आणि एक दिवस तसं करून पाहिलं. मेसेजच्या ॲपला Persistent लावल्यावर कळलं की ती पट्टी स्क्रीनच्या नेमक्या वरच्या भागावर बसते, जिथे मागे जायचं बटण आणि शोधायची चौकट असते. घरच्या ग्रुपवर गप्पा सुरू झाल्या की एक ढकलावी तर दुसरी. संध्याकाळपर्यंत अंगठा आपोआप वर ढकलायला शिकला, आणि त्याच ओघात त्याने कॅलेंडरची पट्टीही न वाचता ढकलली. पाच सेकंदांत जाणाऱ्या पट्टीने जे केलं, तेच माझ्या अंगठ्याने केलं. म्हणून Persistent आता दोनच ॲपांना आहे, कॅलेंडर आणि रिमाइंडर्स. पट्टी हटेना झाली की मला ताबडतोब कळतं, हे त्या दोघांपैकीच कुणीतरी आहे.

कॅलेंडरच्या पानावर आणखी एक बटण आहे, "Time Sensitive Notifications". ते चालू असलं तर तातडीची सूचना लॉक स्क्रीनवर तासभर राहते, कुलूप उघडून आत-बाहेर केलं तरी. माझ्यासारख्या न बघता आत शिरणाऱ्याला हे वरदान. पण ते प्रत्येक ॲपच्या पानावर नसतं. ॲपने अशा सूचना पाठवायची सोय केली असेल तरच दिसतं. एका खरेदीच्या ॲपनेही ही सोय घेतलेली होती. तिथे मी ते निमूटपणे बंद केलं.

खरेदीच्या ॲपांवरून एक अडचण सांगायला हवी, कारण अँड्रॉइडवरून येणाऱ्याला ती खटकतेच. तिकडे २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून एका ॲपच्या सूचनांचे प्रकार फोनच्या सेटिंग्जमध्येच वेगळे दिसतात. "ऑर्डर" चालू, "ऑफर" बंद असं करता येतं, अर्थात ॲपवाल्याने प्रकार नीट पाडले असतील तर. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये एका ॲपला एकच साचा. पार्सल दाराशी आल्याची सूचना आणि "तुमची आठवण येतेय" ही सूचना, दोन्ही त्याच आवाजात, त्याच पट्टीत. फरक करायचा तर त्या ॲपच्या आत जाऊन सूचनांचा कप्पा शोधावा लागतो. माझ्या ॲपात तो प्रोफाइलच्या चौथ्या पानावर होता. तिथे ऑफर बंद केल्या, तरी अधूनमधून येतात. म्हणून शेवटी आवाज बंद, बॅनर बंद, लॉक स्क्रीन बंद, फक्त नोटिफिकेशन सेंटर चालू. पार्सलची वाट बघत असलो की मी स्वतःच वरून ओढून बघतो. घरच्या ग्रुपचंही तसंच. तो ग्रुप मेसेजच्या ॲपमध्ये जाऊन म्यूट केला, ॲपची पट्टी आणि आवाज तसाच ठेवला. भाचीला हे सांगितल्यावर तिने विचारलं, "आईला माहितीये?" नाही, आणि तिने सांगू नये.

बँकेच्या ॲपवर मी फार वेळ घालवला नसता, पण एक प्रसंग घडला. फोनमधले फोटो एका ओळखीच्यांना दाखवत होतो, फोन त्यांच्या हातात. वरून पट्टी आली आणि खात्यातली शिल्लक रकमेसकट दोघांनी वाचली. "Show Previews" ला माझ्याकडे When Unlocked होतं आणि मी त्यावर विसंबून होतो. ते लॉक स्क्रीनचं रक्षण करतं. माझा चेहरा दिसेपर्यंत मजकूर झाकून ठेवतं. पण फोटो दाखवताना फोन उघडाच असतो, मग झाकायचं काय? ही निवड सगळ्या फोनसाठी एकत्र असते, तशी प्रत्येक ॲपच्या पानावर तळाशी स्वतंत्रही असते. बँकेला तिथे Never केलं. आता पट्टी येते, बँकेचं नाव दिसतं, मजकूर दिसत नाही. वाचायचं तर ॲप उघडावं लागतं, ते चालेल.

मेलसाठी "Customize Notifications" मध्ये जाऊन फक्त व्हीआयपी यादीतल्यांच्या पत्रांना सूचना ठेवल्या. यादीत चारच नावं आहेत. बातम्यांची दोन ॲप "Scheduled Summary" मध्ये टाकली. दिवसाच्या ठरलेल्या वेळी सगळ्यांचा एक गठ्ठा येतो. सुरुवातीला सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ या वेळा लावलेल्या असतात, मी सकाळची काढून टाकली. उरलेल्या पंधरा-वीस ॲपांचं "Allow Notifications" सरळ बंद केलं. त्यांची नावंही आठवत नाहीत.

एवढं होऊनही एकदा फसलो. एका नव्या ॲपने परवानगी मागितली, मी नव्या शहाणपणाने "Don't Allow" दाबलं. दोन दिवसांनी त्याच्या सूचना हव्याशा वाटल्या, तर ॲप पुन्हा विचारेना. ती चौकट ॲपला एकदाच दाखवता येते. नकार दिला की नंतर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन आपणच बटण चालू करायचं. त्यामुळे आता शंका असली तर होकार देतो आणि लगेच पानावर जाऊन आवाज, बॅनर आणि टिकली काढतो. पहिली सूचना नोटिफिकेशन सेंटरमध्ये येऊन पडते, ती बघून पुढचं ठरवतो.

गेल्या आठवड्यात भाची आली होती. काहीतरी दाखवायला तिने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मेलच्या आयकॉनवर लाल टिकली आणि तिच्यात पाच अंकी आकडा, ११ हजारांच्या वर.

"अगं, हे काय?"

"मामा, मी तिकडे बघतच नाही."

"मग बंद कर की. थांब, मी करून देतो."

"नको, राहू दे," तिने फोन काढून घेतला. "ती गेली तर मेल कुठे आहे ते सापडणार नाही मला."